विहीणबाईंना विचारायचे छत्तीस प्रश्न

कर्जत तालुक्यात दोन दिवस राहून मी माथेरानला गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. मिनी ट्रेनचं आणि घोड्यांचं वर्णन वाचायला बसलेल्यांचा वेळ वाया जायला नको. माथेरानचा डोंगर दोन्ही दिवस समोर उभा होता. त्यानं मला पाहिलं असेल तर तेवढ्यावर समाधान मानावं. मी गेले होते कळंबला, एका बाईच्या तोंडून 'हो' काढायला.

बाईंचं नाव सुनंदाताई. त्यांचा मुलगा नीलेश आणि माझी मुलगी केतकी पुण्यात एकाच ऑफिसात आहेत आणि लग्न करायचं म्हणतात. लग्नानंतर दोघं नोकऱ्या सोडणार, कळंबला घराशेजारच्या जागेत चार खोल्या बांधणार आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांना राहायला, जेवायला घालणार. नीलेशच्या वडिलांना, मोहनरावांना, सगळं पसंत होतं. अडलं होतं सुनंदाताईंपाशी. त्या नाही म्हणत नव्हत्या. दोन महिने त्या 'बघू' म्हणत होत्या. आणि आईनं मनापासून हो म्हटल्याशिवाय नीलेश पुढे सरकणार नव्हता.

माझी अडचण निराळी. मी सांगलीत पंप आणि पाइपांचं दुकान चालवते. नवरा गेल्यापासून एकटी चालवते आणि केतकी कधीतरी परत येऊन माझ्या खुर्चीत बसेल असं मनात धरून चालवते. सुनंदाताईंनी नाही म्हटलं असतं तर मी चारचौघांत हळहळले असते आणि घरी जाऊन शिरा केला असता. म्हणजे जे जमवायला निघाले होते ते फिसकटावं, हीच माझी इच्छा. मुलीनं वकील छान निवडला होता.

त्याआधी दोन्ही घरं एकदा पनवेलच्या हॉटेलात भेटली होती. तिथं आम्ही दोघी आयांनी हवा, रस्त्यातले खड्डे आणि गुडघे हे तीन विषय संपवले. मग सुनंदाताईंना फोन आला आणि त्या उठून बाहेर गेल्या त्या बिल येईपर्यंत आत आल्या नाहीत. तेव्हा केतकीनं ठरवलं की आम्हा दोघींना कुणी मध्ये नसताना एक संध्याकाळ बसवायचं. आणि नुसतं बसवून आम्ही पुन्हा गुडघ्यांवर येऊ, म्हणून तिनं माझ्या मोबाइलवर प्रश्न पाठवले. छत्तीस.

पत्रिका जुळवायला छत्तीस गुण, भांडायला छत्तीसचा आकडा, आता बोलायलाही छत्तीसच का, असं मी विचारलं. ते तिला ठाऊक नव्हतं. बाकीचं तिनं नीट समजावलं. हे प्रश्न परदेशातल्या मानसशास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांपूर्वी केले. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना बसवायचं आणि पाऊण तास हे प्रश्न विचारायला लावायचे. काही जोड्यांना हे प्रश्न दिले, काहींना नुसते गप्पांचे, म्हणजे आमचे पनवेलचे. पहिल्या जोड्यांना उठताना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. गंमत म्हणजे, मतं जुळणारी माणसं बसवली काय किंवा न जुळणारी बसवली काय, फारसा फरक पडला नाही.

नियम साधे आहेत. प्रश्नांचे तीन गट. पहिला हलका, दुसरा जरा खोल, तिसरा अगदी पोटातला. प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं. वेळ संपली की प्रश्न उरले तरी पुढच्या गटाकडे जायचं. एक प्रश्न एकीनं वाचायचा, पुढचा दुसरीनं. आणि प्रत्येक प्रश्नाला दोघींनी उत्तर द्यायचं. शेवटी चार मिनिटं एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं असंही लोक करतात, असं केतकी म्हणाली. ते मूळ प्रयोगात नव्हतं, प्रेमात पडायची घाई असलेल्यांनी नंतर चिकटवलं. मी म्हटलं, ते तर मुळीच होणार नाही.

शनिवार, खालापूर

एक्सप्रेस वेवरून उतरून खालापुरात शिरले आणि मागचं चाक बसलं. पंक्चरवाला रस्त्याकडेलाच होता. चाक पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता त्यानं मी कुठली, कुठं चालले, गाडी स्वतःची का, सोबत कुणी का नाही, मालक काय करतात, कधी गेले, मुलं किती, मुलीचं लग्न का राहिलं, असं सगळं काढून घेतलं. हवा भरून होईपर्यंत माझं अर्धं चरित्र त्याच्याकडे जमा झालं होतं. त्याच्याबद्दल मला एवढंच कळलं की त्याला नटबोल्ट तोंडात धरून बोलता येतं.

निघताना आमच्यात जवळीक वगैरे काही झाल्यासारखं वाटलं नाही. उलट घरी कुणी कपाटं उचकून गेल्यासारखं वाटलं. दोघींनी उत्तर द्यायचा नियम कशासाठी आहे ते मला खालापुरातच कळायला हवं होतं. पण मी हुशार, त्यामुळे कळलं नाही.

कर्जतला स्टेशनजवळ वडापाव खाल्ला. बरा होता. त्यावर निबंध लिहिणारे लोक आहेत, त्यांना तो घास सोडून देते. तिथून कळंबच्या रस्त्याला लागलं की दर वळणावर एक रिसॉर्ट आणि प्रत्येक पाटीवर निसर्ग, हिरवाई किंवा एकांत यांपैकी एक शब्द. तीन रिसॉर्टांच्या मधल्या एका भातखाचरात म्हशी बसल्या होत्या. एकांत त्यांनाच मिळाला होता.

शनिवार दुपार, कळंब

घर स्वच्छ, अंगण सारवलेलं, दारात मोहनरावांची मोटरसायकल. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची. चावून खायची, जबड्याला काम देणारी. ही भाकरी पांढरी, मऊ, पदर सुटलेली. घडी घालून खिशात ठेवता येईल अशी. मी तीन खाल्ल्या. सुनंदाताई वाढत राहिल्या आणि माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मोहनराव शेतावर गेले. मी मोबाइल काढला, चष्मा लावला आणि पहिला गट वाचून पाहिला. जगातलं कुणीही जेवायला बोलवायचं असेल तर कुणाला बोलवाल, असले प्रश्न. म्हटलं, हे पोराटोरांचे खेळ. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी विहिरीची खोली विचारते, हवापाणी नाही. मी थेट तिसऱ्या गटात गेले आणि दुसऱ्याच्या देखत शेवटचं कधी रडलात, असं त्या बाईला भरल्या पोटी विचारलं.

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात लोकांपुढं रडत नाय," असं म्हणून त्या ताटं उचलून आत गेल्या. मग आतून मिक्सरचा आवाज आला. तो बराच वेळ चालला. एवढा वेळ वाटायला लागेल असं कुठलंही वाटण मला माहीत नाही.

मी अंगणात येऊन केतकीला फोन केला. तिनं हसून घेतलं, मग झापलं. तिचं म्हणणं असं की सगळी गंमत चढणीत आहे. एकीनं थोडं उघडायचं, समोरचीनं तेवढंच उघडायचं, काही वाईट झालं नाही हे दोघींना दिसलं की पुढची पायरी. पहिल्या प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची नसतात. आपण सांगितलेलं समोरची नीट ऐकते, त्याची टिंगल करत नाही आणि बदल्यात स्वतःचं सांगते, एवढं त्यात तपासून होतं. ते तपासल्याशिवाय कुणी तिसऱ्या मजल्यावर येत नाही.

"तू शिडी न लावता खिडकीतून घुसलीस, आई," ती म्हणाली.

शनिवार संध्याकाळ, खाचरात

संध्याकाळी मोहनरावांनी पोपटी लावली. भात कापून झाल्यावर थंडीत रायगडकडे हे करतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. वरून पुन्हा पाला ठासायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. सांगलीला हुरडा असतो, पण तो आम्ही शेंगदाण्याच्या चटणीच्या जिवावर खातो. पोपटीला कशाचाही आधार लागत नाही.

मडकं शिजायला जितका वेळ तितकाच प्रश्नांना. आगीपासून जरा दूर आम्ही दोघी गोणपाटावर बसलो. मी सरळ सांगितलं की दुपारी माझं चुकलं, केतकीनं एक खेळ पाठवलाय, पहिल्यापासून खेळू या, पटलं नाही तर सोडून देऊ. सुनंदाताई म्हणाल्या, "तुमी विचारा. बसलोच हाय."

पहिल्या दोन-तीन प्रश्नांत नवीनच पंचाईत. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, तुमी आधी. मी उत्तर द्यायचे. मग त्या म्हणायच्या, माजं बी तसंच. पाहुणीच्या पुढं आपलं काही वेगळं सांगणं म्हणजे उद्धटपणा, अशी त्यांची रीत. माझा आदर्श दिवस दुकान बंद ठेवून झोपण्याचा, तर यांचाही दुकान बंद ठेवून झोपण्याचा. दुकान नसताना. खालापुरात पंक्चरवाल्यानं नुसतं घेतलं होतं, इथं मी नुसती देत होते. दोन्हीकडे हिशेब एकतर्फी. म्हणून मी नियम कडक केला. एका प्रश्नाला मी आधी, पुढच्याला त्या आधी. आणि 'तसंच' म्हणायचं नाही.

जेवायच्या प्रश्नाकडे परत गेलो. जगातलं कुणीही, कुणाला बोलवाल?

"जेवाय घालायला कोनालाच नाय," त्या म्हणाल्या. "मला जो जेवाय घालील त्याला बोलवीन. चुलीवरचं नको पन."

मोहनराव पेंढा सारता सारता थांबले. बायकोचं हे मत त्यांनाही नवीन होतं.

मग फोनचा प्रश्न आला. फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात तालीम करता का? मी म्हटलं, टॅक्सवाल्याला करायचा असेल तर करते. सुनंदाताई म्हणाल्या, केतकीला करायचा असंल तर मी करते. दोनदा. ती पुण्याचं बोलते, आपलं चुकायला नको म्हणून. हे ऐकून मला चटका बसला. माझ्या पोरीला घाबरणारं कुणी या जगात आहे, हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या गटात सूर खाली आला. एकमेकींचे पाच चांगले गुण आळीपाळीनं सांगायचे, असं एक काम होतं. तोंडावर स्तुती करायची दोघींनाही सवय नाही. मी बिरड्यातल्या खोबऱ्यापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, तुमी गाडी एकट्या आनता. पण पुढचे सापडत गेले, आणि सांगायचं तर बरं वाटलं. या प्रश्नांचा हा डाव मला फार आवडला. ज्या बाईला आपण आवडतो असं आपल्याला कळतं, ती आपल्याला आपसूक आवडायला लागते.

मग विचारलं की जपून ठेवलेली आठवण कोणती. मी केतकीच्या जन्माची सांगितली. सुनंदाताईंची होती घरात गॅस आला त्या दिवसाची. सासू म्हणायची, गॅसवरच्या भातानं पोटं फुगतात. धुरानं यांचे डोळे रात्रंदिवस चुरचुरायचे, खोकला हटायचा नाही. नवऱ्याशी, सासूशी, दिराशी वर्षानुवर्षं भांडून त्यांनी गॅस आणवला.

"शेगडी पेटली, आनि मी कुदळ घेतली," त्या म्हणाल्या. "चूल माज्या हातानं फोडली. सासू दारात बसून रडली. मी चा केला, तिला बी दिला."

आगीच्या उजेडात त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता. सून म्हणून आलेल्या एखाद्या मुलीला त्यांनी हे कधी सांगितलं असतं? मुळीच नाही. मलाही दुपारी सांगितलं नसतं.

तिसऱ्या गटाचं पहिलं काम म्हणजे आपण दोघींबद्दल खरी असलेली तीन वाक्यं. दोघींना भूक लागली आहे, हे मी म्हटलं. आपल्या पोरांनी आपल्याला न इचारता सगळं ठरवलं, हे त्या म्हणाल्या. तिसरं पुन्हा त्यांचंच. "आपण दोघी एकमेकीला भितो."

'आपण' म्हणायला लावणं हा खेळातला मोठा धूर्तपणा आहे. एकदा तोंडातून 'आपण' गेलं की 'तुमी' आणि 'आमी'कडे परत जायला कष्ट पडतात.

फजिती झाल्याचा प्रसंग सांगायचा होता. मी सांगितलं की नवऱ्याच्या तेराव्याला भेटायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी हात जोडल्या जोडल्या पंपाची वॉरंटी संपल्याचं सांगितलं होतं. सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "पनवेलला मला फोन आला ना? कोनाचाच नव्हता. तुमच्यासंगट काय बोलावं सुचंना. बाहेर उबी राहून नुसती 'हां, हां' करीत व्हते."

आम्ही इतक्या हसलो की मोहनराव मडकं सोडून बघायला आले. त्यांना घरी पाठवलं, मीठ आणायला. मीठ तिथंच होतं.

शेवटचा प्रश्न असा. स्वतःची खरी अडचण सांगायची, समोरचीनं ती कशी सोडवली असती ते विचारायचं, आणि आपल्याला त्या अडचणीबद्दल काय वाटत असावं तेही तिच्याच तोंडून ऐकायचं. पाळी सुनंदाताईंची होती. त्यांनी आधी आगीकडे बघितलं.

"तुमची पोर वाईट नाय," त्या म्हणाल्या. "तिनं पाटीचं चित्र धाडलंय. मी नऊवारी नेसून चुलीपुढं बसलेय. वर नाव, सुनंदाआईची चूल. पाव्हन्यांना चुलीवरचं लागतं म्हने, फोटो काढाया. मी नाय बसनार गं ताई. हे सांगितलं तर लोक बोलतील, सासू होयाच्या आधी नाटकं हायत. म्हनून बघू बोलते."

दोन महिने दोन्ही घरं जात, शिक्षण, शहर, पगार असली कारणं शोधत होती. कारण होतं चूल. मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं. म्हटलं, मी तुमच्या जागी असते तर तिला फोनवर सरळ सांगितलं असतं. आणि मला वाटतं, तुम्हाला असं वाटतंय की जिथून कुदळ घालून बाहेर पडलात तिथंच ही पोर तुम्हाला कौतुकानं परत बसवतेय.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, आणि धुराचं कारण दिलं नाही. दुपारच्या प्रश्नाचं उत्तर मला न विचारता मिळालं.

मग माझी पाळी. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. गुडघे होतेच. पण त्या बाईनं एवढं दिल्यावर गुडघे पुढे करणं म्हणजे वजनात मारणं. मी म्हटलं, "मी तुमचा होकार घ्यायला आले आहे, पण तुम्ही नाही म्हणावं असं मला वाटत होतं. केतकी सांगलीला यावी म्हणून."

त्यांनी पदर सावरला. वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी दोन महिनं बघू बघू बोलून मी तुमचंच काम करीत व्हते?"

"हो. फुकटात."

त्या पुन्हा हसल्या, मग नियम पाळायला गंभीर झाल्या. "तुमाला दुकानाची काळजी नाय. दुकान तुमी चालवाल. संद्याकाळी शटर वडल्यावर बोलाया कोन नाय, त्याला तुमी भिता." मी काय करावं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मोहनराव मीठ घेऊन आले होते. त्यांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली. शेंगा आम्ही तिथंच सोलून खाल्ल्या. डोळ्यांत बघायला कुणालाच वेळ नव्हता.

रविवार, पुन्हा कळंब

सकाळी उठल्यावर पहिला विचार आला की काल आपण फार बोललो. हे होत असणार. पाऊण तासात वाटलेली जवळीक खरी असते, पण ती वीस वर्षांच्या शेजाराची जागा घेत नाही. कुणी अडीअडचणीला धावून येईल का, दिलेला शब्द पाळील का, हे छत्तीस प्रश्नांत कळत नाही. ते दिवसच ठरवतात. केतकीनंही मला हे आधी बजावलं होतं. जवळीक वाढते, म्हणून माणसं एकमेकांचं ऐकतातच असं नाही.

म्हणून सुनंदाताई चहा ठेवून फोन घेऊन आल्या तेव्हा मी सावध होते. त्यांनी केतकीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "केतकी, चूल नाय होनार. मी चुलीपुढं बसनार नाय."

केतकीनं आधी पाहुण्यांचं सांगितलं, मग फोटोंचं. सुनंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पाव्हन्यांना चूल पायजे तर तू बस. नऊवारी मी नेसवीन. मी गॅसवर करीन, तू धुरात फोटो काड."

माझी मुलगी गप्प बसल्याचा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. मग ती म्हणाली, पाटी काढते. आणि मग जरा खाली आवाजात, मला आधी का नाही सांगितलंत?

"आता सांगितलं ना," सुनंदाताई म्हणाल्या. "मंग माजं हो हाय."

संपलं. मी ज्यासाठी आले होते ते झालं आणि ज्याच्यासाठी मनातून आले होते ते बुडालं. मी चहाचा कप उचलला. मुलाकडच्यांनी हो म्हटलं की मुलीच्या आईनं आभार मानायचे असतात, तेवढं उरकून निघावं, म्हणजे उन्हाच्या आत घाट चढता येईल.

पण सुनंदाताईंनी फोन तसाच चालू ठेवून बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"आता तुमी सांगा, विहीनबाय. तुमाला चालंल का?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. केतकीनं नाही, नीलेशनं नाही, मीही नाही. दुकानात गिऱ्हाइकाला मी हो की नाही ते तो पायरी चढायच्या आत सांगते. इथं मी कपाचा कान बोटानं पुसत बसले. सुनंदाताईंनी मध्ये काही घातलं नाही. चहावर साय धरली तरी बसून राहिल्या.

"आई? आहेस ना?" फोनमधून केतकी विचारत होती. "काय झालं? कुणी बोलत का नाही?"

सुनंदाताईंनी माझ्यावरची नजर काढली नाही. फोनच्या दिशेनं नुसता हात केला.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "आमचं दोघींचं चाललंय."

मग मी हो म्हणाले.